पोटात गोळा आधी की भीती आधी?

शिक्षक-पालकहो, फळ्यापाशी बोलावलं की पोरांच्या पोटात गोळा येतो, हे आमच्या लिंबागणेशच्या वर्गात नेहमीचंच. पण आधी काय येतं, गोळा की भीती?

विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्ये उलटंच मांडलं : आधी छाती धडधडते, आणि ती धडधड जाणवणं हीच भीती. मॅग्डा अर्नोल्ड यांचं म्हणणं वेगळं. मन आधी प्रसंग तोलतं, ‘चुकलं तर सगळे हसतील’, मग भीती वाटते.

आता पुरावा बघा. मेंदूतल्या इन्सुला या भागात पोटाचे, छातीचे निरोप पोचतात. जेम्स बरोबर असतील, तर इन्सुला गेला की भावनाही जायला हव्यात ना? एका रुग्णाचा दोन्ही बाजूंचा इन्सुला हर्पिस विषाणूच्या मेंदूदाहाने नष्ट झाला होता. दामासिओ यांच्या गटाने २०१३ मध्ये लिहिलं, की त्याला वेदना, सुख, भावना जाणवतच होत्या.

मग जेम्स हरले? एवढी घाई नको. शरीराचे निरोप त्याआधी मस्तिष्कस्तंभातही पोचतात. म्हणजे ‘भावना इन्सुलातच जाणवते’ एवढाच दावा पडला. अर्नोल्डही जिंकल्या नाहीत. रुग्णाची भावना उरली हे दिसलं. ती तोलल्यानंतर आली की आधी, हे त्यातून कळत नाही.