मावशीनं असं का लिहिलं?

प्रश्न : माझी मावशी अतिशय मायाळू आहे, कुणाला कधी वावगं बोलत नाही. परवा एका अभिनेत्रीच्या फोटोखाली तिनं स्वतःच्या नावानं लिहिलं, ‘किती सुटलीये ही, आरशात बघत नाही का?’ अनोळखी बाईच्या शरीरावर बोलायचा हक्क आपल्याला आहे, असं माणसाला वाटतं तरी कसं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मावशीनं नाव लपवलं नाही, हे महत्त्वाचं. टोपणनावाआड माणूस बेलगाम होतो, असं आपण म्हणतो. ते खरं आहे, पण अपुरं. मानसशास्त्रज्ञ जॉन सूलर यांनी २००४ साली ऑनलाइन सुटणाऱ्या संयमाची जी कारणं मांडली, त्यांत न दिसणं हे एक वेगळं कारण आहे. समोर बसलेल्या बाईचा चेहरा पडला की आपली जीभ थांबते. फोनवर तो पडलेला चेहरा दिसतच नाही.

हक्काची भावना मात्र दुसरीकडून येते. टीव्ही नवा होता तेव्हा, १९५६ साली, हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी लिहिलं की पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाची एकतर्फी ओळख जुळते. रोज घरात दिसणारी नटी आपलीच वाटू लागते, आणि आपल्या माणसाला तर आपण लग्नाच्या मांडवातही ‘वाळलीस गं’, ‘सुटलीस गं’ म्हणतोच. मावशीनं बहुधा तेच केलं. फरक इतकाच, की भाचीला मावशी ठाऊक असते. त्या अभिनेत्रीला ती ठाऊक नाही, आणि असं लिहिणारी ती एकटीही नाही.

हरनाज संधूचं उदाहरण पाहा. डिसेंबर २०२१ मध्ये ती मिस युनिव्हर्स झाली. काही महिन्यांतच तिच्या वाढलेल्या वजनावर लोक तुटून पडले. तेव्हा तिनं सांगितलं, की आपल्याला सीलिअ‍ॅक आजार आहे, गहू चालत नाही. आणि पूर्वी हडकुळी म्हणून हिणवलं, आता जाड म्हणून हिणवतात. या आजारात गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करतं. अन्न अंगी लागत नाही, पुष्कळांचं वजन घटतं. ग्लुटेन बंद केलं की अस्तर हळूहळू भरून येतं, अन्न पचू लागतं आणि वजन वाढूही शकतं. म्हणजे वाढलेलं वजन कधीकधी बरं होण्याची खूण असते. तिच्या बाबतीत नेमकं काय घडलं हे तिनं आपल्याला सांगायची गरज नव्हती. तरी टोमण्यांपायी तिला स्वतःचा आजार चारचौघांत उघड करावा लागला, याचा मला फार राग येतो.

सौंदर्याचा मुकुट घेतला म्हणजे रूपावर बोलणं आलंच, असं काहीजण म्हणतात. पण परीक्षकांचं काम त्या रात्री संपलं होतं. अभिनेत्रीचा अभिनय फसला तर जरूर लिहावं. मावशीच्या वाक्यात अभिनयाबद्दल एक शब्द नाही.

तिच्याशी भांडू नका. निवांत वेळी तो फोटो समोर धरून तिचं वाक्य तिलाच मोठ्यानं वाचायला सांगा, त्या बाईच्या डोळ्यांकडे बघत. तुम्ही सांगता तशी ती मायाळू असेल, तर वाक्य पुसायला फोन तीच मागेल.