पाठीतल्या पाण्याची साखर

प्रश्न : माझा पुतण्या बावीस वर्षांचा आहे. दोन आठवडे ताप आणि डोकेदुखी होती. आम्ही गावातच गोळ्या-इंजेक्शनं करत राहिलो. मग उलट्या सुरू झाल्या, एका वस्तूच्या दोन दिसू लागल्या आणि तो दिवसभर झोपून राहू लागला. शहरातल्या दवाखान्यात आधी डोक्याचा सीटी स्कॅन केला, मग पाठीतलं पाणी काढायचं म्हणाले. वहिनी सही करायला तयार नव्हत्या, कारण पाठीत सुई टोचली की माणूस लुळा पडतो असं सगळे सांगत होते. शेवटी मी सही केली. पाणी काढण्याआधी हाताचं रक्त घेऊन साखर तपासली आणि नंतर पाण्याचीही साखर तपासली. त्याला मधुमेह नाही, मग ही दोनदा साखर कशासाठी? बिल वाढवायला? सीबीनॅट तपासणीत जंतू सापडले नाहीत, तरी मेंदूच्या टीबीची औषधं चालू केली आहेत. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, जिल्हा सांगली

उत्तर : बिलाची शंका आधी मिटवतो, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे. रक्तातली साखर मोजली नसती तर पाण्यातल्या साखरेचा आकडा जवळजवळ निरुपयोगी ठरला असता. तिथे पोचण्याआधी वहिनींची भीती दूर करू.

मेंदू आणि मज्जारज्जू एका पातळ, पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतात. मोठ्या माणसात हा द्रव एका वेळी साधारण 150 मिली असतो आणि दिवसभरात जवळपास 500 मिली नव्याने तयार होतो. म्हणजे तपासणीसाठी काढलेले आठ-दहा मिली अर्ध्या तासात भरून निघतात. ‘पाणी काढल्यामुळे मेंदू सुकतो’ हे मी ओपीडीत इतक्या वेळा ऐकलंय की आता रागही येत नाही.

लुळेपणाचं म्हणाल, तर मज्जारज्जू पाठीच्या कण्यात शेवटपर्यंत जातच नाही. मोठ्या माणसात तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याच्या खाली फक्त नसांचे धागे घोड्याच्या शेपटीसारखे पाण्यात लोंबत असतात. दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांचे वरचे काठ जोडणारी रेघ मनातल्या मनात काढली, की ती चौथ्या मणक्याच्या आसपास येते. सुई तिथे किंवा एक मणका वर घालतात. धागे सुईपुढून बाजूला सरकतात. एखाद्याला सुई निसटती लागली तर पायात क्षणभर करंट बसल्यासारखं वाटतं, एवढंच. सिझेरियनच्या वेळी कमरेत भुलीचं इंजेक्शन देतात ते याच ठिकाणी. तुमच्या गावात अशी इंजेक्शनं घेऊन उठून चालू लागलेल्या कितीतरी बाया असतील; वहिनींना त्यांच्याशीच बोलायला सांगा.

खरा धोका वेगळाच आहे आणि सीटी स्कॅन त्यासाठीच केला. मेंदूत गाठ किंवा मोठी सूज असेल, कवटीतला दाब एकाच बाजूने वाढलेला असेल, अशा वेळी खालून पाणी सोडलं तर मेंदू खाली सरकून श्वास चालवणाऱ्या भागावर दाब येऊ शकतो. प्रत्येक रुग्णाला सीटी लागत नाही. पण गुंगी, झटके, एका अंगाची कमजोरी किंवा डोळ्याच्या पडद्यावर सूज असेल तर आधी तो करतात. तुमचा पुतण्या गुंगीत होता आणि त्याला दोन-दोन दिसत होतं. अर्थात, जंतूंचा तीव्र मेंदूज्वर वाटत असेल तर सीटीच्या रांगेत औषध अडकवून ठेवत नाहीत. रक्त कल्चरला घेऊन लगेच अँटिबायोटिक चालू करतात. मग पाण्यात जिवंत जंतू कदाचित उगवणार नाहीत, पण पेशी आणि साखर यांची खूण आणखी काही काळ टिकते.

प्रत्यक्षात काय करतात ते बाहेर बसलेल्या नातेवाइकांना दिसत नाही. रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीशी घेऊन मुटकुळं करून झोपवतात. त्याने मणक्यांमधल्या फटी उघडतात. कातडी बधिर करून बारीक लांब सुई घालतात. ठरावीक खोलीवर एक बारीकसा ‘फट्’ हाताला जाणवतो, मग सुईतली तार बाहेर काढली की पाणी आपणहून थेंब-थेंब पडू लागतं. ते सिरिंजने ओढायचं नसतं. आधी एक उभी नळी लावून दाब मोजतात, मग तीन-चार बल्बमध्ये थेंब झेलतात.

इथेच पहिला निकाल हातात येतो, तोही डोळ्यांनी. निरोगी पाणी बाटलीतल्या बिसलेरीसारखं असतं. तीव्र जंतुसंसर्गात ते भाताच्या पेजेसारखं गढूळ येतं. पहिल्या बल्बमध्ये लाल आणि तिसऱ्यात जवळजवळ स्वच्छ आलं, तर रक्त सुईने लागलेलं असतं. तिन्ही सारखेच लाल असतील तर मेंदूभोवतीच रक्तस्राव झाला असण्याची शंका घ्यायची. टीबीचं पाणी फसवं. ते स्वच्छ किंवा किंचित पिवळसर दिसतं आणि काही तास न हलवता ठेवलं तर कधीकधी त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखी साय धरते. हल्ली नमुना लगेच प्रयोगशाळेत पळवतात, त्यामुळे ते जाळं आता क्वचितच कुणाच्या नजरेला पडतं.

आता साखर. ही साखर रक्तातूनच पाण्यात येते. निरोगी माणसाच्या पाण्यात ती रक्ताच्या सुमारे दोन तृतीयांश असते. म्हणजे रक्तात 90 तर पाण्यात 60 च्या आसपास. मेंदूचं आवरण सुजलं की हे प्रमाण कोसळतं. ‘जंतू साखर खातात’ असं सोपं करून सांगतात, पण ते अर्धंच खरं. साखर आत आणणारी वाटच सुजेने बिघडते, आणि आत जमलेल्या पांढऱ्या पेशी व सुजलेल्या पेशीसमूहांचा साखरेवरचा खर्च वाढतो. विषाणूच्या मेंदूज्वरात हे सहसा घडत नाही, म्हणून तिथे साखर बहुतेक वेळा नॉर्मल राहते. पाण्यात पेशी वाढल्यात पण साखर शाबूत, की डॉक्टरांचा जीव जरा खाली पडतो.

तुम्ही रिपोर्टचा फोटो पाठवला नाहीत, म्हणून अशा आजारात मला हमखास दिसणारा एक रिपोर्ट मांडतो. पाणी स्वच्छ. पेशी 220, त्यातल्या 85 टक्के लिम्फोसाइट. प्रोटीन 180. साखर 32. त्याच वेळची रक्तातली साखर 118. नॉर्मल पाण्यात पाचपेक्षा जास्त पेशी नसतात आणि प्रोटीन 45 च्या वर जात नाही, म्हणजे आवरणाला सूज आहे हे पक्कं. पण कशाची? नेहमीच्या तीव्र जंतूंनी आजार दिला असता तर पेशी हजारोंत असत्या आणि त्यांत न्युट्रोफिल भरलेले असते. विषाणू असता तर लिम्फोसाइट असते, पण साखर एवढी खाली गेली नसती आणि प्रोटीनही थोडंच वाढलं असतं. इथे 118 पैकी 32 म्हणजे जेमतेम 27 टक्के. लिम्फोसाइट, चढलेलं प्रोटीन, पडलेली साखर आणि दोन आठवड्यांचं रेंगाळलेलं दुखणं हे चौघं एकत्र आले की आपल्याकडे पहिलं नाव टीबीचंच घ्यायचं. याला अपवाद आहेत. अगदी सुरुवातीच्या टीबीत न्युट्रोफिल जास्त दिसू शकतात. एका बुरशीचं, क्रिप्टोकोकसचं, चित्रही बरंचसं असंच असतं, म्हणून एचआयव्ही आणि त्या बुरशीची तपासणी सोबत करतात.

आता समजा हाच रुग्ण मधुमेही आहे आणि पाण्यातली साखर 70 आली. रिपोर्टवर छापलेल्या नॉर्मल मर्यादेत 70 आरामात बसते, लाल खूणही लागत नाही. पण त्या वेळी रक्तातली साखर 260 असेल, तर हेही 27 टक्केच झाले! रक्ताचा आकडा हाताशी नसेल तर हा टीबी डोळ्यांसमोरून निसटतो. आणि रक्त सुई टोचण्याआधी घ्यायचं, कारण सुईच्या ताणाने रक्तातली साखर वर जाते; पाण्यातली साखर मात्र तिच्यामागून तासा-दोन तासांनी हलते. नुकतंच ग्लुकोजचं सलाईन धो-धो गेलं असेल तरी हिशेब असाच चुकतो. तुमच्या डॉक्टरांनी क्रम बरोबर पाळला होता.

साखरेची दुसरी फसगत वाटेत होते. नमुना टेबलावर पडून राहिला तर त्यातल्या पेशी साखर वापरत राहतात आणि न्युट्रोफिल तासा-दोन तासांत विरघळू लागतात. मग साखर खोटी कमी आणि पेशीही खोट्या कमी. एकदा आमच्याकडचा वॉर्डबॉय जेवणाच्या सुट्टीत बल्ब खिशात ठेवून विसरला. तीन तासांनी आलेल्या त्या रिपोर्टवर मी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी रुग्णाची माफी मागून पुन्हा सुई घातली. म्हणून साखरेचा नमुना राखाडी टोपणाच्या फ्लोराइड बल्बमध्ये घालतात आणि नातेवाइकाला ‘पळा’ म्हणतात. तुम्हालाही पळवलं असेल.

राहिला सीबीनॅटचा प्रश्न. ही तपासणी टीबीच्या जंतूचा जनुकीय अंश शोधते. सापडला तर आजार पक्का, शिवाय रिफाम्पिसिन चालेल की नाही तेही कळतं. पण मेंदूच्या टीबीत जंतू मेंदूच्या तळाशी आवरणाला चिकटलेले असतात, पाण्यात फार थोडे उतरतात. त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ ‘या बल्बमध्ये सापडला नाही’ एवढाच. कल्चरला काही आठवडे लागतात आणि या आजारात तेवढी वाट पाहणं परवडत नाही; औषध जितकं उशिरा, तितकी डोळे, कान आणि हातापायांची हानी जास्त. पेशी, प्रोटीन, साखर आणि दुखण्याचा कालावधी जुळत असतील तर निगेटिव्ह सीबीनॅटवरही औषध चालू करणं बरोबरच आहे. सोबत स्टिरॉइड दिलं असेल, तेही याच आजारासाठी आहे. मनाने बंद करू नका.

डॉक्टर कदाचित काही दिवसांनी पुन्हा पाणी काढायचं म्हणतील. पहिला नमुना निगेटिव्ह असेल तर जास्त पाणी घेऊन दुसऱ्यांदा शोधायला, आणि उतार पडतोय का ते बघायला. सुधारणा होत असेल तर साखर सहसा आधी वर येते, प्रोटीन मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतं. ते अजून वाढलेलं दिसलं म्हणून घाबरू नका. पाणी काढल्यानंतर दोन-तीन दिवस उठून बसलं की डोकं ठणकतं आणि आडवं झालं की थांबतं, असं झालं तर ते सुईच्या भोकातून पाणी झिरपल्याचं असतं आणि बहुतेकदा आपोआप बरं होतं. मात्र डोकेदुखी आडवं होऊनही वाढत असेल किंवा गुंगी परत येत असेल, तर लगेच दवाखाना गाठा.

औषधं साधारण वर्षभर चालतील. पाण्याचा रिपोर्ट आणि त्या दिवशीच्या रक्तातल्या साखरेचा कागद एकाच फाइलमध्ये, एकमेकांना टाचून ठेवा. पुढचा डॉक्टर दोन्ही एकत्रच मागेल.