आकडा लिहिताना : धरणाच्या टिपणांनी शिकवलेल्या सहा गोष्टी

धरणातल्या पाण्याची टिपणे, पाणीवापर संस्थांची इतिवृत्ते आणि आवर्तनाच्या सूचना मराठीत लिहिण्याचे आणि इतरांनी लिहिलेल्या तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. या लिखाणात प्रत्येक ओळीत एखादा आकडा असतो, त्याला चिकटलेले एखादे एकक असते आणि बहुतेक वेळा ते एकक लघुरूपात असते. वाचणारा शेतकरी त्या आकड्यावरून उसाला किती पाणी मिळेल आणि उन्हाळी भुईमूग करावा की नाही, हे ठरवतो. म्हणून आकडा असा लिहावा की वाचणाऱ्याला त्यावरून स्वतः हिशेब करता आला पाहिजे. त्यासाठी मी जे नियम पाळते ते असे.

१. लघुरूप आधी उलगडावे, आणि पुन्हा लागणार असेल तरच योजावे

पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव आणि कंसात लघुरूप : ‘दशलक्ष घनमीटर (दलघमी)’. त्यानंतर सर्वत्र फक्त दलघमी. ‘टीएमसी’ वर्तमानपत्रांमुळे सगळ्यांच्या तोंडी आहे, पण ते नेमके किती हे विचारले की सभेत शांतता पसरते. थाउजंड मिलियन क्युबिक फीट म्हणजे हजार गुणिले दहा लाख, म्हणजेच एक अब्ज घनफूट. ‘एक अब्ज घनफूट (टीएमसी)’ असे एकदा लिहिले की पुढचे सगळे सोपे होते.

एखादी संज्ञा संपूर्ण टिपणात दोनदाच येणार असेल तर मी तिचे लघुरूप करत नाही. दोन जागी पूर्ण नाव लिहायला फारशी शाई लागत नाही, उलट नवे लघुरूप लक्षात ठेवायचा भार वाचणाऱ्यावर पडतो. दुसरे असे की मोठा अहवाल कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही. लोक थेट तक्ता उघडतात. त्यामुळे पान दोनवर उलगडलेले लघुरूप तक्त्याच्या मथळ्यात किंवा तळटिपेत पुन्हा उलगडावे लागते. सारांशातही तेच.

२. सारखी दिसणारी लघुरूपे एका कागदावर आणू नयेत

मराठवाड्यातले आणि विदर्भातले आकडे बहुधा दलघमीमध्ये येतात. अहिल्यानगर-नाशिककडे धरणांची क्षमता दलघफूमध्ये, म्हणजे दशलक्ष घनफुटांत, सांगायची जुनी सवय आहे. भंडारदरा ११,०३९ दलघफू आणि मुळा २६,००० दलघफू हे आकडे तिकडे लहान मुलांनाही माहीत असतात. ‘मी’ आणि ‘फू’ एवढाच काय तो फरक, पण एका घनमीटरमध्ये ३५.३ घनफूट बसतात. म्हणजे चुकीचे एक अक्षर पडले की आकडा पस्तीस पटींनी फिरतो.

अशी चूक पकडायला ओळखीचे एखादे माप हाताशी असावे लागते. माझे माप जायकवाडीचे आहे. तिथला एकूण साठा २,९०९ दलघमी, म्हणजे जवळपास १०३ टीएमसी. कोणी मुळा धरणात ‘२६,००० दलघमी’ लिहिले, तर ते नऊ जायकवाडींएवढे झाले. हे अशक्य आहे हे पाहताक्षणी कळते. जिथे दोन्ही एककांतली माहिती एकत्र येते, तिथे मी सगळे आकडे एकाच एककात आणते आणि रूपांतराची ओळ सुरुवातीलाच देते : १ टीएमसी = १,००० दलघफू = २८.३२ दलघमी.

रूपांतर करताना मूळ आकड्यापेक्षा जास्त नेमकेपणा येऊ देत नाही. ‘सुमारे ३ टीएमसी’ असा अंदाज असेल तर कंसात ‘सुमारे ८५ दलघमी’ लिहावे. गणकयंत्र ८४.९५१ दाखवते, पण तो आकडा कागदावर आला की कोणीतरी तेवढ्या काटेकोरपणे मोजमाप केले असा समज होतो.

३. टक्के लिहिताना ते कशाचे, हे त्याच वाक्यात सांगावे

धरणातल्या साठ्याचे दोन भाग असतात. कालव्याला किंवा नदीत नेहमीच्या मार्गाने सोडता येतो तो उपयुक्त साठा, आणि त्या पातळीखाली उरतो तो मृतसाठा. बातम्यांतली टक्केवारी बहुधा उपयुक्त साठ्याची असते. उजनीत हा फरक फार मोठा आहे. तिथला एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला मृतसाठा सुमारे ६३.७ आणि उपयुक्त सुमारे ५३.६. म्हणून उजनी ‘शून्य टक्के’ असते तेव्हाही धरणात साठ टीएमसीहून अधिक पाणी असते. ‘उणे २० टक्के’ म्हणजे उपयुक्त क्षमतेच्या वीस टक्क्यांएवढे, साधारण १०.७ टीएमसी, पाणी मृतसाठ्यातून कमी झालेले असते. तरीही धरणात सुमारे ५३ टीएमसी शिल्लक असतात.

हे न सांगता नुसते ‘उणे २०’ लिहिले तर वाचणारा गोंधळतो, आणि समोर पसरलेले पाणी पाहून लिहिणाऱ्यावर अविश्वास दाखवतो. ‘उपयुक्त क्षमतेच्या’ हे दोन शब्द घातले की हा गोंधळ टळतो.

४. क्युसेक हा प्रवाह आहे, साठा नव्हे

क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट. ‘प्रतिसेकंद’ त्यातच आहे, म्हणून ‘पाच हजार क्युसेक प्रतिसेकंद’ असे लिहिणे चूक. याहून मोठी अडचण ‘धरणातून ५,००० क्युसेक पाणी सोडले’ या वाक्यात आहे. ते किती वेळ सोडले हे त्यात नाही, म्हणून पाणी किती गेले याचा हिशेब मांडताच येत नाही. विसर्गाच्या आकड्यासोबत वेळ लिहिलीच पाहिजे : कधीपासून, कधीपर्यंत.

वेळ मिळाली की हिशेब सोपा आहे. एका दिवसाचे ८६,४०० सेकंद. त्यामुळे चोवीस तास अखंड सुरू असलेला सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग म्हणजे एक टीएमसी. कालव्याला १,००० क्युसेकने वीस दिवसांचे आवर्तन दिले तर १,००० गुणिले ८६,४०० गुणिले २०, म्हणजे १.७३ टीएमसी पाणी लागते. पाणीवापर संस्थेच्या सभेत मी ही ओळ नेहमी फळ्यावर मांडते. प्रवाह आणि साठा यांची सांगड एकदा समजली की सदस्य स्वतःच पुढचे प्रश्न विचारू लागतात.

५. मोजून आलेला आकडा अंकात, बोलण्यातला अंदाज अक्षरात

एककासोबत आलेला आकडा अंकातच लिहावा : ३.५ टीएमसी, ६ मीटर, ४२ टक्के, २० हेक्टर. तो लहान असला तरी अंकातच, कारण वाचणाऱ्याची नजर त्याच्यावर थांबायला हवी. एकक नसलेल्या लहान संख्या, दहापर्यंतच्या, मी अक्षरात लिहिते : चार गावे, दोन आवर्तने, सात वितरिका. माणसे असतील तर अक्षरच हवे. ‘४ सदस्यांनी विरोध केला’ यापेक्षा ‘चौघांनी विरोध केला’ हे मराठीला जवळचे आहे. दोघे, तिघी, चौघे हा फेर अंकात दाखवताच येत नाही.

अंदाज सांगायला मराठीकडे फार चांगले शब्द आहेत : पंचवीसेक एकर, दहा-बारा दिवस, सव्वाशे कुटुंबे. ते अक्षरातच शोभतात, कारण अक्षर पाहताच हा मोजलेला आकडा नाही हे कळते. ‘साडेतीन टीएमसीच्या आसपास’ आणि ‘३.५० टीएमसी’ यांचे मूल्य एकच, पण पहिले तोंडी अनुमान आहे आणि दुसरे नोंदवहीतली नोंद. दोन्हींची गल्लत होऊ नये. औपचारिक अहवालात ठरावाला आधार म्हणून येणारा आकडा मी नेहमी अंकातच देते.

अपवाद दोन. एकाच वाक्यात एकाच प्रकारच्या संख्या तुलनेसाठी आल्या तर सगळ्या अंकात : ‘४, ११ आणि २३ गावांना पाणी मिळाले’. आणि दोन आकडे शेजारी आले तर त्यांतला एक अक्षरात : ‘सहा इंची १२ पाइप’ असे. ‘६ इंची १२ पाइप’ वाचताना डोळा अडखळतो. लाख-कोटींच्या रकमांतही हाच विचार. ‘१,२५,००,००० रुपये’ वाचताना शून्ये मोजावी लागतात, ‘१ कोटी २५ लाख रुपये’ एका नजरेत कळते.

पैशांच्या बाबतीत मात्र अंकी आणि अक्षरी दोन्ही लागतात. पावती, करार, धनादेश यांत अंकाच्या पुढे एखादे शून्य वाढवणे सोपे, अक्षर बदलणे कठीण. धनादेशावरचे अंक आणि अक्षर जुळत नसतील तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरावी, असे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १८ सांगते. अक्षरी लिहिताना एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे शब्द मोठ्याने वाचून पाहावेत. त्यांत एका दशकाची चूक सहज होते, आणि वादाच्या वेळी नेमके अक्षरच खरे धरले जाते.

६. परिच्छेद लिहून झाला की फक्त आकडे वाचावेत

तपासणीला आलेली एक सूचना घेऊ. आकडे सोयीसाठी गोल केले आहेत. ‘धरणात ९ टीएमसी (५०%) पाणी असून १००० क्युसेक प्रतिसेकंदाने २ आवर्तने देण्यात येतील. पिण्यासाठी २ टीएमसी राखीव आहे.’ वाचणारा प्रत्येक आवर्तन नेहमीसारखे वीस दिवसांचे धरून नऊमधून खर्च वजा करतो आणि त्याला साडेतीन टीएमसी उरलेले दिसतात. मग तिसरे आवर्तन का नाही, असा वाद सुरू होतो.

तीच सूचना अशी लिहिता येते : ‘धरणातील एकूण साठा १५ जानेवारी रोजी ९ अब्ज घनफूट (टीएमसी) आहे. त्यातील ३ टीएमसी मृतसाठा वगळता उपयुक्त साठा ६ टीएमसी, म्हणजे १२ टीएमसी या उपयुक्त क्षमतेच्या ५० टक्के आहे. कालव्याच्या मुखाशी दर सेकंदाला १,००० घनफूट याप्रमाणे प्रत्येकी २० दिवसांची दोन आवर्तने दिल्यास ३.४६ टीएमसी पाणी लागेल. पिण्यासाठी २ टीएमसी राखीव ठेवल्यावर ०.५४ टीएमसी उरेल. उन्हाळ्यातील बाष्पीभवन त्यातूनच भागवायचे आहे.’

सूचना दोन ओळींनी वाढली, पण आता ती वाचणाऱ्याला ६ वजा ३.४६ वजा २ ही वजाबाकी स्वतः करता येते. तिसऱ्या आवर्तनाला १.७३ टीएमसी लागतात आणि हातात ०.५४ आहेत, हेही त्याला कोणी सांगावे लागत नाही. कोणताही परिच्छेद सही होण्यापूर्वी मी असाच तपासते : मधले शब्द झाकून फक्त आकडे आणि एकके वाचते. बेरीज-वजाबाकी जमत नसेल तर कुठेतरी एकक, वेळ किंवा ‘कशाचे टक्के’ हे सुटलेले असते. ते सापडेपर्यंत कागद पुढे जाऊ देत नाही.