स्वयंपूर्ण भाग आणि पर्वाचा शेवट : दहा भागांच्या वेबमालिकेच्या कथानकरचनेचा विचार

मालिकेचा प्रत्येक भाग स्वतंत्र कथा म्हणून पूर्ण व्हावा आणि तरीही सर्व भाग मिळून एका अपरिहार्य शेवटाकडे जावेत, ही मागणी वरवर पाहता परस्परविरोधी आहे. जो भाग पूर्ण होतो तो पुढच्या भागासाठी काही मागे ठेवीत नाही. आणि जो काही मागे ठेवतो तो पूर्ण झाला असे म्हणता येत नाही. वेबमालिकेचे दहा भागांचे पर्व लिहू पाहणाऱ्या लेखकाला ही अडचण पहिल्या आराखड्यातच भेटते. मात्र अडचण नवी नाही, आणि तिचे एक उत्तर आपल्या कथापरंपरेत केव्हाच दिले गेले आहे.

वेताळपंचविशीची रचना या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगी आहे. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त हे कथाचक्र आले आहे. राजा त्रिविक्रमसेन प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, त्यातला वेताळ त्याला एक कथा सांगून प्रश्न विचारतो. उत्तर ठाऊक असूनही राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल. उत्तर दिले तर मौन मोडले म्हणून वेताळ पुन्हा झाडावर जाईल. प्रत्येक कथा स्वयंपूर्ण आहे. मधली एखादी वगळली तर कोणाच्या ध्यानातही येऊ नये. मग हे चक्र संपते कसे? बाप आणि मुलगा अनुक्रमे मुलीशी व तिच्या आईशी विवाह करतात. त्यांच्या अपत्यांचे परस्परांशी नाते कोणते, या प्रश्नाला राजापाशी उत्तर नसते. तो खरोखरच गप्प राहतो. येथे आधीच्या कथांतील घटनांची बेरीज झालेली नाही. आधीच्या कथांनी श्रोत्याच्या मनात एक नियम पक्का केला होता, तो नियम येथे उलटला आहे. राजाच्या मौनाला जे वजन येते ते आधीच्या प्रत्येक उत्तरामुळे येते. म्हणजे चक्र पुढे सरकत होते ते श्रोत्याच्या अपेक्षेत. कथेतील घटना जिथल्या तिथेच होत्या. त्यानंतर वेताळ राजाला भिक्षूचा कट सांगतो आणि आरंभी उघडलेला हिशेब मिटतो.

या दोन गोष्टी, म्हणजे आवर्तनाने पक्का होणारा नियम आणि पहिल्याच भागात उघडून ठेवलेला एकच हिशेब, वेबमालिकेच्या पर्वालाही पुरतात असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

रायन जॉन्सन यांनी निर्माण केलेली 'पोकर फेस' ही अमेरिकन मालिका या संदर्भात तपासता येईल. तिचे पहिले पर्व दहा भागांचे असून जानेवारी ते मार्च २०२३ या काळात प्रसारित झाले. पहिले चार भाग एकदम आले, उरलेले दर आठवड्यास एक. समोरचा माणूस खोटे बोलतो आहे हे चार्ली केल या नायिकेला तत्काळ कळते. भागाची मांडणी जवळजवळ ठरलेली असते : आरंभी खून आणि खुनी दोन्ही प्रेक्षकाला दाखविले जातात, मग काळ थोडा मागे नेऊन चार्ली तेथेच आसपास होती हे कळते, त्यानंतर ती सत्यापर्यंत कशी पोहोचते हे आपण पाहतो. जुन्या 'कोलंबो' मालिकेची ही पद्धत आहे. गाव, व्यवसाय, माणसे दर भागात नवी.

पहिल्या भागात जुगारगृहाचा मालकपुत्र आपल्या सुरक्षाप्रमुखाकडून, क्लिफकडून, चार्लीच्या मैत्रिणीचा खून करवितो. चार्ली त्याला उघडे पाडते तेव्हा तो गच्चीवरून उडी टाकतो. त्या भागाची कथा पूर्ण झाली. उरते ती त्याच्या बापाची धमकी. तो पहिल्या भागात केवळ दूरध्वनीवरचा आवाज आहे. या धमकीमुळे चार्ली गावोगाव पळते, हे भागांची जागा बदलण्याचे सोपे निमित्त झाले. परंतु रचनेचे खरे कौशल्य दुसरीकडे आहे. प्रत्यक्ष खून करणारा क्लिफ मोकळाच राहिला आहे, आणि तोच आता पाठलाग करणारा असल्यामुळे त्याचा अपराध प्रेक्षकाच्या मनात मागे पडतो. उघडा हिशेब डोळ्यांसमोर ठेवूनही झाकला गेला आहे.

दहाव्या भागात क्लिफ तिला अखेर गाठतो. आवाजापुरता असलेला बाप समोर येतो. पण तो सूड घेण्याऐवजी चार्लीला आपल्या कामासाठी वापरू पाहतो. मग खून होतो तो त्याचाच, करतो क्लिफ, आणि आळ येतो चार्लीवर. आधीच्या भागांत ती दुसऱ्यांच्या गोष्टीत योगायोगाने शिरत होती. आता तीच गोष्टीचा विषय झाली. चार्लीला सत्य कळते, परंतु तिचे कळणे हा पुरावा नव्हे, ही मर्यादा आधीच्या भागांनी पुन:पुन्हा दाखविलेली असते. शेवटी ती तिच्यावरच उलटते. क्लिफला अटक होते आणि पहिल्या भागातील हिशेब पुरा होतो. हा भाग एकटा पाहिला तरी कळतो, कारण त्याला स्वत:चा खून आणि स्वत:चा उलगडा आहे. चार्लीची बहीण मात्र या भागात प्रथमच प्रत्यक्ष समोर येते. भावनिक ओलाव्यासाठी केलेली ती उशिराची सोय वाटते, हा दोष मान्य केला पाहिजे.

आता हेच तत्त्व प्रत्यक्ष आराखड्यात कसे उतरते ते एका कल्पित मालिकेवर पाहू. तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणारा एक वृद्ध दस्तलेखक हा नायक. प्रत्येक भागात एक दस्त : खरेदीखत, मृत्युपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र. भाग संपतो तो सहीवर किंवा अंगठ्यावर. त्याचा नियम एकच : 'पक्षकार सांगेल ते मी लिहितो.' सल्ला देणे नाही, मत देणे नाही. उघडा हिशेब असा की १९९४ साली एका हक्कसोडपत्रावर त्याने एका स्त्रीची ओळख पटविली होती. ती स्त्री त्या कुटुंबातील बहीण नव्हतीच. दुसरीच कोणी उभी केली होती. सही करणाऱ्यांचे छायाचित्र व बोटांचे ठसे दस्तावर घेण्याची तरतूद नोंदणी कायद्यात २००१ च्या दुरुस्तीने आली. त्यापूर्वी ओळख देणाऱ्याच्या शब्दावर बरेच काही अवलंबून असे.

या कल्पनेचा पहिला आराखडा सहसा चुकतो, आणि तो एकाच रीतीने चुकतो. त्या बहिणीची मुलगी शालन दर भागात थोडा थोडा शोध घेते : दुसऱ्यात सूचीतील नोंद सापडते, चौथ्यात साक्षीदार, सहाव्यात भावाचा कबुलीजबाब. परिणाम दुहेरी होतो. सहावा भाग चौथ्यावाचून कळेनासा होतो. आणि दहाव्या भागात करण्याजोगे काही उरत नाही, फक्त आकडेमोड उरते. दर आठवड्याची कथा मग शोधाच्या दोन तुकड्यांमधले भरताड ठरते.

दुसऱ्या आराखड्यात शालनचा शोध मधल्या भागांतून जवळजवळ काढून टाकावा. पहिल्या भागात एका खरेदीखताची कथा पूर्ण घडते. त्याच दिवशी शालन जुन्या दस्ताची नक्कल घेऊन येते आणि विचारते, "भाऊसाहेब, माझ्या आईला तुम्ही ओळखत होता का?" तो म्हणतो, "होय." खरेदीखत मिटले, हा एक शब्द उघडा राहिला. चाळीस मिनिटांच्या भागात यासाठी तीनचार मिनिटे पुरेत.

मधल्या भागांनी शोध पुढे न्यायचा नाही. त्यांनी प्रेक्षकाला शेवट वाचण्यापुरते साक्षर करायचे. तिसऱ्या भागातील मृत्युपत्रावरून कळते की साक्षीदार सहीची ग्वाही देतो, मजकुराच्या न्याय्यतेची नव्हे. त्या भागात या भेदावर दोन भावांचे भांडण उभे आहे. पाचव्यात एक अंध वृद्धा बक्षीसपत्र करावयास येते, आणि ओळख द्यायला आलेल्या परक्या माणसाला दस्तलेखक घालवून देतो. एकटा पाहिला तर हा त्याच्या सचोटीचा प्रसंग. पहिला भाग पाहिलेल्याला तो त्याच्या अपराधाचा प्रसंग. सातव्यात गट नंबर चुकलेला एक दस्त चूकदुरुस्तीपत्राने सुधारला जातो, आणि काही चुका अशा रीतीने सुधारता येत नाहीत हे न बोलता लक्षात येते. प्रत्येक माहिती आधी त्या भागाच्या स्वत:च्या संघर्षात खर्ची पडली पाहिजे. केवळ शेवटासाठी म्हणून पेरलेली माहिती प्रेक्षक लगेच ओळखतो.

येथे एक आक्षेप संभवतो : दस्तलेखक दर भागात तसाच राहत असेल तर त्याचा विकास कोठे? स्वयंपूर्ण भागांच्या मालिकेत विकासाचे स्थान पात्रापेक्षा प्रेक्षकाच्या जाणिवेत अधिक असते. 'पक्षकार सांगेल ते मी लिहितो' हे वाक्य पहिल्या भागात व्यावसायिक नम्रतेचे वाटते, पाचव्यापर्यंत त्याला पळवाटेचा वास येऊ लागतो, नवव्यात ते ऐकवत नाही. वाक्यातील एकही अक्षर बदललेले नसते. ही पायरीपायरीची घसरण आराखड्यात स्वतंत्र ओळीत लिहून ठेवावी, नाहीतर वाक्य नुसते पालुपद होते.

आराखडा झाल्यावर तपासणी सोपी आहे. दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतच्या भागांपैकी कोणतेही दोन आपापसांत बदलून पाहावेत. कथा कळेनाशी होत असेल तर भाग स्वयंपूर्ण नाहीत. मग त्यांतील एकेक भाग काढून दहावा वाचावा. काहीच उणे वाटत नसेल तर तो भाग पर्वाला काही देत नाही. पहिल्या कसोटीत उतरलेले भाग दुसरीत नापास होतात, हा नित्याचा अनुभव आहे. तेव्हा नवा दुवा जोडण्याचा मोह टाळून त्या भागाने शेवटासाठी प्रेक्षकाला काय शिकविले एवढेच विचारावे. नववा भाग बदलता येत नाही. त्यात १९९४ सारखेच एक हक्कसोडपत्र येते, बहीण खरी असते, आपखुशीने सही करते, आणि दस्तलेखकाचा हात थांबतो.

दहाव्या भागात शालन आपल्या आईलाच घेऊन येते. प्रेक्षकाने आधीचे काही पाहिलेले नसले तरी एक वृद्ध स्त्री, तिच्या हातातील नक्कल आणि तिच्यावरचे तिचेच नाव एवढ्यावर हा भाग उभा राहतो. ती टेबलापाशी येऊन म्हणते, "तुम्ही मला ओळखता म्हणे." त्याने तिला पूर्वी कधी पाहिलेले नाही. त्यानंतर तो टंकलेखन करणाऱ्या मदतनिसाला खुर्चीवर बसवितो आणि स्वत: समोरच्या बाकावर, पक्षकाराच्या जागी, बसतो. मदतनीस विचारतो, "काय लिहू?" दस्तलेखक आपले प्रतिज्ञापत्र सांगू लागतो, आणि मदतनीस तो सांगेल ते लिहितो. या प्रतिज्ञापत्रामुळे त्या बाईला जमीन मिळते की मुदतीच्या मुद्द्यावर दावा अडकतो, हा न्यायालयाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर या पर्वात आणण्याचे कारण नाही, कारण पहिल्या भागात उघडले होते ते जमिनीचे प्रकरण नव्हते, 'होय' हा शब्द होता.