83 पैशांचा क्लिक आपल्याला 236 रुपयांना कसा पडला

मंडळी, मागच्या मीटिंगमध्ये दोन-तीन होडीवाल्यांनी विचारलं होतं, की फेसबुकच्या जाहिरातीवर संस्थेचे 1,770 रुपये गेले, त्यातून मासा किती विकला गेला? प्रश्न बरोबर होता, पण त्या दिवशी उत्तर नीट देता आलं नाही. कारण आम्हालाच तेव्हा CPM, CPC आणि CTR यातला फरक कळला नव्हता. आता मोबाईलवर आकडे उघडून बसलो, हिशेब मांडला, तो इथे देतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत.

विषय तुम्हाला माहीतच आहे. मधुबन धरणाच्या पाण्यातला कटला आणि रोहू व्यापाऱ्याच्या गाडीत न घालता शनिवारी सकाळी थेट सिल्वासातल्या घरांना द्यायचा. गिऱ्हाईक जाहिरातीवर बोट लावणार, व्हॉट्सॲप उघडणार, किलो सांगणार. व्यापाऱ्यापेक्षा किलोमागे साधारण 40 रुपये जास्त सुटतात. सरासरी ऑर्डर दोन किलोची, म्हणजे 80. त्यातून बर्फ, कापणावळ आणि पोचवायचं पेट्रोल 20 रुपये गेलं की ऑर्डरमागे 60 रुपये हातात. हा 60 चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ती तीन इंग्रजी अक्षरं. बाजारात पाटी घेऊन बसलेल्या बाईला हे सगळं आधीपासून कळतं, फक्त नावं वेगळी. समजा तिने बसायच्या जागेचे 60 रुपये दिले आणि सकाळभरात पाटीसमोरून हजार माणसं गेली. तर हजार माणसांच्या नजरेला पडायचा खर्च 60 रुपये. हाच CPM. त्या हजारातली 20 माणसं थांबली आणि म्हणाली, "मावशी, कटला कसा दिला?" हजारात 20 म्हणजे शंभरात 2. हा CTR, 2 टक्के. आणि 60 रुपयांत 20 जणांनी भाव विचारला, म्हणजे एका विचारणाऱ्यामागे 3 रुपये. हा CPC.

मोबाईलवर हेच असं निघतं:

```
CPM = Amount spent ÷ Impressions × 1000
CTR = Link clicks ÷ Impressions × 100
CPC = Amount spent ÷ Link clicks
CPC = CPM ÷ (CTR × 10)
```

शेवटची ओळ सगळ्यात कामाची. CTR ला 10 ने गुणलं की हजारात किती जणांनी बोट लावलं ते येतं, आणि हजारांच्या खर्चाला त्या संख्येने भागलं की एका क्लिकचा भाव. म्हणजे CPC हा काही वेगळा आकडा नाही, तो बाकीच्या दोघांचं पोर आहे. एक बारकावा: Impressions म्हणजे माणसं नव्हेत, दिसण्याच्या वेळा. एकाच माणसाला जाहिरात तीनदा दिसली तर तीन मोजतात. माणसं किती ते Reach मध्ये दिसतं.

आता आपली गोष्ट. पहिली जाहिरात आपण एका जाहिरात लावून देणाऱ्याकडून करून घेतली. दुधनीचा संध्याकाळचा फोटो, लाल पाणी, मधे एकटी होडी. फोटो झकास होता. त्याने ती सिल्वासा, वापी, वलसाड, अगदी सुरतपर्यंत पसरवली. 600 रुपयांत 24,000 वेळा दिसली. CPM फक्त 25. वर त्याने कागदावर लिहून दिलं: 720 क्लिक, क्लिकमागे 83 पैसे. आम्ही खूश. व्हॉट्सॲपवर मात्र आठवड्यात 3 ऑर्डरी.

720 जणांनी बोट लावलं आणि मासा तिघांनीच घेतला, हे पटेना. मग Ads Manager मध्ये रकाने बदलून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. त्याने दाखवलेला आकडा CPC (all) चा होता. त्यात सगळंच मोजतात: कोणी लाईक केलं, कोणी फोटो मोठा करून पाहिला, कोणी संस्थेच्या नावावर बोट लावलं. व्हॉट्सॲप उघडणारं बोट वेगळं, ते CPC (cost per link click) आणि CTR (link click-through rate) या रकान्यांत असतं. तिथे होते 96 क्लिक. 24,000 ला 96 म्हणजे 0.4 टक्के, हजारात चार. आणि 25 भागिले 4 म्हणजे क्लिकमागे सव्वासहा रुपये. 83 पैसे कुठे आणि सव्वासहा कुठे! त्याने खोटं लिहिलं असं नाही म्हणत आम्ही. सोयीचा रकाना दाखवला एवढंच.

दुसरी जाहिरात आपल्याच पोरांनी लावली. फोटो साधा: पाटीत बर्फावर कटला, बाजूला काटा, खाली भाव आणि "शनिवार सकाळ, सिल्वासात घरपोच". दाखवायची जागा फक्त सिल्वासा आणि आजूबाजूचा भाग. पहिल्याच दिवशी CPM दिसला 60, आणि आमच्यातल्या एकाने "महाग पडतंय, बंद करा" म्हणून फोन केला. बरं झालं ऐकलं नाही. 600 रुपयांत ती 10,000 वेळाच दिसली, पण 200 जणांनी व्हॉट्सॲप उघडलं. म्हणजे 2 टक्के, आणि क्लिक 3 रुपयांना. हजार नजरांचा भाव दुपटीहून जास्त, आणि क्लिक मात्र निम्म्याहून स्वस्त. त्या 200 पैकी 70 जणांनी खरोखर काहीतरी लिहिलं (बाकीचे उघडून परत गेले, ते चालायचंच) आणि 20 ऑर्डरी आल्या.

इथे आपली एक चूक कबूल करतो. फोटो आणि जागा दोन्ही एकदम बदलल्यामुळे गुण कशाचा ते कळेना. म्हणून तिसऱ्यांदा 300 रुपये टाकून तो लाल पाण्याचाच फोटो फक्त सिल्वासात चालवला. 5,000 वेळा दिसला, CPM तोच 60. व्हॉट्सॲपचे क्लिक 40, म्हणजे 0.8 टक्के. क्लिक पडला साडेसात रुपयांना. लाईक भरपूर आले. लोकांना संध्याकाळ आवडली, पण मासा विकायला आहे हे फोटोतून कळतच नव्हतं. ऑर्डरी 4. म्हणजे जागा बदलल्याने हजारातले चारचे आठ झाले, आणि फोटो बदलल्याने आठाचे वीस.

आता खरा हिशेब. जाहिरातीच्या रकमेवर 18 टक्के जीएसटी लागतो, आणि Amount spent मध्ये तो धरलेला नसतो. म्हणून पडद्यावरचे 600 खिशातून 708 जातात. आपले तिन्ही मिळून 1,500 चे 1,770 झाले ते असे. पहिल्या जाहिरातीत 708 रुपयांत 3 ऑर्डरी, ऑर्डरमागे 236. हातात राहतात 60. म्हणजे प्रत्येक ऑर्डरीवर 176 रुपये आपण गिऱ्हाइकाला दिले आणि मासाही दिला. दुसरीत 708 ला 20 ऑर्डरी, ऑर्डरमागे 35 रुपये 40 पैसे. हातात साडेचोवीस रुपये उरतात. तिसरीत 354 ला 4, म्हणजे साडेअठ्ठ्याऐंशी. तोटाच. तिन्ही मिळून 27 ऑर्डरी, त्यांचे 1,620 रुपये, आणि खर्च 1,770. दीडशे रुपये अंगावर. मीटिंगमधल्या प्रश्नाचं उत्तर हे.

यातून क्लिकला किती पैसे परवडतात तेही काढता येतं, आणि ते जाहिरात लावायच्या आधी काढायला हवं. दुसऱ्या जाहिरातीत दहा क्लिकला एक ऑर्डर पडली. ऑर्डरीत 60 रुपये, म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त 6. त्यातून जीएसटी काढला की पाच रुपये आठ पैसे. म्हणून आम्ही रेघ मारली आहे: पडद्यावर CPC (cost per link click) पाचच्या वर गेला की थांबायचं आणि बघायचं. मात्र ही रेघ दहाला एक या हिशेबावर उभी आहे. उद्या वीस क्लिकला एक ऑर्डर यायला लागली तर ती अडीचवर येईल. मोठे मासे किंवा जास्त किलोची ऑर्डर असेल तर वर जाईल. दुधनीला पर्यटकांना फिरवणाऱ्या होडीवाल्यांनी हाच हिशेब आपल्या फेरीच्या उरलेल्या पैशांवर करावा, आपली रेघ उचलू नये.

थांबून बघायचं म्हणजे काय? CPC वाढण्याची कारणं दोनच, कारण तो दोनच आकड्यांतून निघतो. एक, CPM चढला. फेसबुकवर जागेचा भाव ठरलेला नसतो. प्रत्येक वेळी जाहिरात दाखवताना आत लिलाव होतो. आपल्याकडे बाजारात होतो तसाच, पण फक्त जास्त पैसे बोलणाऱ्यालाच जागा मिळते असं नाही. लोक त्या जाहिरातीला प्रतिसाद देतील का, ती बरी आहे का, हेही तिथे धरतात. दिवाळीच्या आधी कपडेवाले, मोबाईलवाले, गाड्यावाले सगळे बोली लावायला उतरतात आणि भाव चढतो. समजा CPM 60 चा 100 झाला आणि CTR 2 टक्केच राहिला, तर क्लिक 5 रुपयांना. यात आपल्या जाहिरातीचा दोष नाही. फोटो बदलून उपयोग नाही, आठवडा जाऊ द्यावा.

दुसरं कारण, CTR पडला. CPM 60 वरच आहे, पण हजारात वीसऐवजी दहाच बोटं लागतायत, की क्लिक 6 ला गेलाच. सिल्वासासारख्या लहान गावात हे लवकर होतं, कारण माणसं तीच ती. Frequency नावाचा रकाना बघा, एका माणसाला सरासरी कितीदा दिसली ते तिथे असतं. तो आकडा चढत असेल आणि CTR उतरत असेल, तर लोकांनी जाहिरात पाहून पाहून सोडून दिली आहे. तेव्हा पैसे वाढवले तर त्यांनाच पुन्हा दिसते. फोटो नवा टाकायचा, नाहीतर दोन आठवडे बंद ठेवायची.

आणि CPC जागेवर आहे पण ऑर्डरी आटल्या, तर जाहिरातीत शोधू नका. एका शनिवारी आपल्याकडे व्हॉट्सॲपवर उत्तर द्यायला दुपार झाली होती. तोवर लोकांनी कोंबडी आणली.

पुढची जाहिरात गुरुवारी लावतोय, 300 रुपयांची, फक्त सिल्वासा. ज्यांच्या जाळ्यात बुधवारी कटला लागेल त्यांनी पाटीचा फोटो ग्रुपवर टाका. उजेड असू द्या, काटा दिसू द्या, आणि मागे सूर्यास्त नको.