लाल मिरचीचा देठ कधी खुडावा?

माघ सरता सरता रायपूरच्या आसपासच्या बाड्यांमध्ये मिरची लाल व्हायला लागते आणि होळीच्या आगेमागे घराघरांत वर्षभराच्या तिखटाची तयारी सुरू होते. इथली हवा या कामाला चांगली साथ देते. फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन कोरडे असते आणि वाराही असतो. तरी पावसाळ्यात डबा उघडावा तर तिखटाला कुबट वास येतो, गाठी झालेल्या असतात किंवा रंग विटकरी पडलेला असतो. यातल्या बऱ्याच तक्रारींचे मूळ एकाच जागी सापडते. मिरची देठाजवळ ओली राहिलेली असते, किंवा देठ फार लवकर खुडलेला असतो.

ओल्या मिरचीचा देठ काढला की टोकाला भोक पडते. त्यातून आतल्या ओलसर पोकळीत बुरशी शिरते, धूळ जाते, किडीलाही वाट मिळते. देठ आणि त्याची हिरवी टोपी हे त्या फळाचे झाकण असते. म्हणून मिरची देठासकट तोडावी, देठासकट वाळवावी, देठासकटच साठवावी आणि देठ दळायच्या आदल्या दिवशी खुडावा. भिवापूरकडच्या सातऱ्यांवर बायका दिवसभर बसून देठ खुडतात तेही वाळलेल्या मिरचीचेच. व्यापारात कधी कधी मिरची फुटू नये म्हणून तिच्यावर पाणी शिंपडतात. घरी हे मुळीच करू नये. चार बिया सांडल्या तर सांडू द्याव्यात. वाळलेली मिरची पुन्हा भिजवली की आठ-दहा दिवसांच्या उन्हाची मेहनत फुकट जाते.

तोडणी दव उडून गेल्यावर करावी. मिरची झाडावरच पूर्ण लाल होऊन किंचित सुरकुतायला लागली म्हणजे तोडायला तयार झाली. अर्धवट पिकलेली सरळ उन्हात टाकली की तिच्यावर पांढरट चट्टे पडतात आणि बाजारात तिला फटकी म्हणून भाव मिळत नाही. अशी थोडी मिरची आलीच तर एक-दोन दिवस घरात, सावलीत, हवेशीर जागी ढीग करून ठेवावी, रंग सारखा होतो. अळीने पोखरलेली आणि काळ्या डागांची मिरची याच वेळी बाजूला काढावी. ती वाळवूनही सुधारत नाही, उलट तिची बुरशी शेजारच्या मिरचीला लागते.

वाळवायला सारवलेले अंगण किंवा रस्त्याची कड नको. माती, शेण आणि जनावरांचे केस मिरचीच्या सुरकुत्यांत अडकतात आणि पुढे निघत नाहीत. गच्चीवर नुसती ताडपत्री अंथरली तर खालच्या बाजूला घाम धरतो. त्यापेक्षा खाटेवर किंवा बांबूच्या ताट्यावर हिरवी जाळी ताणून तिच्यावर एकेरी थर पसरावा, म्हणजे खालूनही वारा लागतो. दिवसातून दोन-तीनदा हात फिरवून मिरची उलटी करावी. संध्याकाळी उन्हाचा ताव उतरला की गोळा करून आत घ्यावी, कारण फेब्रुवारीतले दव दिवसभराची कमाई रात्रीत परत करते. आत ठेवताना सुती कापड पुरे. प्लास्टिकने झाकली तर तिच्याच वाफेने ती ओली होते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात भर दुपारी वर पातळ सुती कापड टाकावे, नाहीतर रंग उडतो.

या दिवसांत भीती असते ती अवकाळी पावसाची. नंदुरबारला व्यापारी ओली लाल मिरची घेऊन पथाऱ्यांवर वाळवतात, आणि अवकाळी पाऊस आला की उघड्यावरचा माल भिजून नासतो. रायपुरात मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर आभाळ भरून आले तर वाट पाहू नये. अर्धवट वाळलेली मिरची आत आणून पोत्यात भरू नये, ढीगही करू नये. फरशीवर चादर टाकून पातळ पसरावी आणि रात्रभर पंखा लावून ठेवावा. ढिगातली अर्धी ओली मिरची एका रात्रीत गरम होते आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पोटात करडी बुरशी दिसते.

मिरची वाळली का, हे ओळखायला दोन खुणा आहेत. कानाजवळ हलवली की बिया खुळखुळतात. पण बिया वाजल्या म्हणून लगेच भरू नये, कारण सर्वांत शेवटी सुकते ती देठाची टोपी आणि तिच्याखालचा गर. टोपी दोन बोटांत दाबून पाहावी. मऊ लागली तर अजून दोन दिवस ऊन हवे. दुसरी खूण वजनाची. समजा दहा किलो पिकलेली मिरची निघाली. तिच्यात साधारण पाऊण भाग पाणी धरले तर कोरडा अंश अडीच किलो होतो. अन्नसुरक्षेच्या नियमांत सुक्या मिरचीत ओल अकरा टक्क्यांच्या वर चालत नाही, म्हणजे वाळून ती पावणेतीन किलोच्या आसपास उतरायला हवी. सव्वातीन किलो भरली तर अजून जवळजवळ चौथा भाग पाणी आहे असे समजावे. झाडावरच सुकलेली मिरची मुळात हलकी असते, तेव्हा हा हिशेब अंदाजाचा आहे. सलग दोन संध्याकाळी वजन सारखे आले की मात्र खात्री धरावी. फेब्रुवारीत याला दहा-बारा दिवस लागतात, एप्रिलमध्ये साधारण आठवडा.

दळायच्या आधी देठ खुडून मिरचीला आणखी एक कडक ऊन द्यावे. साठवणीची मिरची चामड्यासारखी वाकते, दळणाची मिरची मोडली पाहिजे. देठ वजनात थोडाच असतो, शेकडा सहाच्या आसपास, पण तो तसाच दळला तर तिखटात काड्यांची पूड मिसळते आणि रंग फिका दिसतो. खुडताना हाताला आधी गोडेतेल चोळावे. मिरचीचा जाळ पाण्याने जात नाही. आधी तेल आणि मग साबण, या क्रमाने तो उतरतो.

चक्कीवर एकाच दमात बारीक दळून घेतले की तिखट इतके तापते की रंग काळवंडतो आणि वास जातो. पहिल्यांदा जाडसर, जरा निवल्यावर दुसऱ्यांदा बारीक, असे दळून मागावे. घरी आणल्यावर ते परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावे. गरम तिखट डब्यात भरले तर झाकणाला आतून पाणी सुटते आणि गाठींची सुरुवात तिथूनच होते. तिखटात मीठ घालू नये, पावसाळ्यात ते हवेतले पाणी ओढते. रंगासाठी थोडे तेल घालायची रीत आहे, बाजारी तिखटातही वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत खाद्यतेल चालते, पण वर्षभराच्या साठ्याला ते खवट होण्याचे भय आहे. रोजच्या डब्यापुरते घालावे.

फ्लेक्स हवे असतील तर कुरकुरीत मिरची मिक्सरमध्ये थांबून थांबून दोन-तीनदाच फिरवावी आणि जाड चाळणीने चाळावी. बिया थोड्या काढल्या तर ते लाल दिसतात आणि तिखटपणाही फारसा कमी होत नाही, कारण मिरचीचा जाळ मुख्यतः आतल्या पांढऱ्या शिरांत असतो.

सगळी मिरची एकदम दळू नये. अख्खी मिरची तिखटापेक्षा जास्त टिकते. तीन-चार महिन्यांपुरती दळावी, बाकीची देठासकट जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून, घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब आणि अंधारात ठेवावी. आषाढ लागण्याआधी डबा एकदा तपासावा. मिरचीवर टाचणीएवढी भोके आणि तळाला भुकटी दिसली तर तपकिरी भुंगा लागला आहे. तसे झाले तर निवडून चांगली मिरची कडक उन्हात घालावी, मग दळून फ्रिजमध्ये ठेवावी. फ्रिजमधला डबा बाहेर काढला की खोलीच्या उष्णतेला आल्यावरच उघडावा, नाहीतर थंड तिखटावर लगेच दव जमते. कुबट वास किंवा करडी बुरशी आली असेल तर मात्र ऊन दाखवून ती वाचवायचा प्रयत्न करू नये. बुरशीने सोडलेले अफलाटॉक्सिन उन्हाने जात नाही, दळून जात नाही, फोडणीतही जात नाही. अशी मिरची गुरांच्या खाद्यातही न टाकता पुरून टाकावी.