लहरी केसांचा ब्लो-ड्राय: ओल्या केसांवर घाई नको
घरी ब्लो-ड्राय शिकताना माझी पहिली चूक म्हणजे टपटपत्या केसांवर फुल हीट. त्यात केसाच्या आतलं पाणी उकळून वाफेचे बुडबुडे होतात आणि केस तिथूनच तुटतो. म्हणून आधी सुती टी-शर्टने टिपा, चोळू नका. केस नुसते दमट राहिले की हीट प्रोटेक्शन स्प्रे मारा. मग दोन बोटं रुंदीची बट गोल ब्रशवर ताणून धरा. ड्रायर वीतभर लांब, हीट मध्यम, हवा मुळाकडून टोकाकडे, आणि हात सतत फिरता. बट वाळली की ब्रशवरच थंड हवा द्या, आकार तेव्हाच बसतो. पावसाळ्यात लहर परत येणारच, हे क्लायंटला आधीच सांगा; नाहीतर संध्याकाळी फोन येतो!